आत्याच्या नावापुढची दोन अक्षरं

आत्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. तशी तिची तंबीच आहे. "बँकेत एकदाचं कसंबसं नीट लागलंय, आता तू छापून पुन्हा त्याची वाट लावू नकोस," असं ती म्हणाली. ह्या प्रकरणात मी जो काही उजेड पाडला तो बघता तिला उलट बोलायची सोय मला उरलेली नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडलांची मोठी बहीण. लग्न करून सुरतेला गेली आणि सगळा संसार तिथेच झाला. काका गेल्यावर ती दोनेक वर्षांपूर्वी आमच्याकडे नाशकात राहायला आली. येताना दोन बॅगा, एक खमण उकडायचं पातेलं आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवरचं मत घेऊन आली. गंगापूर रोडला आमच्या घरापासून जवळच जॉगिंग ट्रॅक आहे. तिथे सकाळी फिरणाऱ्या बायकांच्या घोळक्यात ती आठवड्याभरात सामील झाली आणि महिन्याभरात त्यांची पुढारी झाली. त्याच घोळक्याने एका सकाळी, चालता चालता, जपानला जायचं ठरवलं.

"जपानच का गं?" मी विचारलं.

"तिथे रस्त्यात कुणी थुंकत नाही म्हणे. मरायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघायचंय मला."

आत्या आयुष्यात विमानात बसली नव्हती. तिने लगेच चालायचे नवे बूट घेतले आणि सवय व्हावी म्हणून ते घालून ती घरात पोळ्या लाटू लागली. पासपोर्टही वेळेत आला. मग टूरवाल्या मुलाचा फोन आला. व्हिसासाठी बँकेचं मागच्या सहा महिन्यांचं स्टेटमेंट हवं, इंग्रजीत, बँकेच्या सही-शिक्क्यानिशी, आणि त्यावरचं नाव पासपोर्टशी जुळायला हवं. महिनाअखेरीच्या आत ते मिळालं नाही तर त्याला बाकीच्यांचे कागद पुढे पाठवावे लागणार होते आणि आत्याची जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागणार होती.

ती दुसरी कुणी ट्रॅकवरच होती. आमच्या मागच्या गल्लीतल्या एक बाई ह्या सहलीला उशिरा तयार झाल्या होत्या आणि आता वेटिंगवर होत्या. रोज सकाळी त्या आत्याच्या बरोबरीने चालत आणि काळजीने विचारत, "झालं का हो तुमच्या स्टेटमेंटचं? नाही झालं तरी वाईट वाटून घेऊ नका, ह्या वयात गुडघेही बघायला हवेत." आत्या घरी येऊन बूट न काढता सोफ्यावर बसायची आणि म्हणायची, "मी गेले नाही तर ही बया माझ्या सीटवर बसणार. खिडकीच्या!"

आत्याचं खातं एकच, सुरतेतल्या एका छोट्याशा सहकारी बँकेत. काकांनी उघडून दिलेलं म्हणून तिने ते बंद केलं नव्हतं. पत्ताही जुनाच होता, त्यामुळे बँकेचं स्टेटमेंट टपालाने तिकडेच जायचं. तिच्या सुरतेच्या शेजारणीने आत्याला फोनवर विचारून पाकीट फोडलं आणि मोबाइलवर फोटो काढून पाठवला. पहिला फोटो नुसत्या पाकिटाचा. दुसऱ्यात शेजारणीचा अंगठा आणि थोडंसं स्टेटमेंट. तिसरा बरा होता, फक्त आडवा होता आणि त्यावर पंख्याची सावली होती. चौथा तिने केलेल्या उंधियोचा. आत्याने सगळ्यात जास्त वेळ चौथाच बघितला.

स्टेटमेंट गुजरातीत होतं. मी आत्याकडे मोबाइल दिला.

"मला काय दाखवतेस? मला कुठे वाचता येतंय?"

"इतकी वर्षं सुरतेत राहिलीस ना?"

"राहिले, बोलले, भांडले. वाचायचं काम ह्यांच्याकडे होतं."

मग मीच पुढे झाले. जिल्ह्याच्या एका सरकारी कचेरीत मी उभी हयात आवक-जावक सांभाळली आहे, लोकांचे किरट्या अक्षरातले अर्ज वाचले आहेत, त्यामुळे कागद म्हटला की माझ्या अंगात येतं. गुजराती म्हणजे काय, आपल्याच अक्षरांच्या डोक्यावरची रेघ काढायची, असं मी आत्याला समजावून सांगितलं आणि मोबाइल उभा-आडवा करत वाचायला लागले. आडनाव लागलं, पण त्याच्या शेवटी आपली मात्रा असते तिथे चक्क वेलांटी होती. म्हणजे चूक! मला फार बरं वाटलं. आता आत्याच्या नावाकडे वळले. नाव लागलं, पण ते संपेचना. पुढे त्याला चिकटून आणखी दोन अक्षरं होती आणि ती काही केल्या ओळखू येईनात. काकांच्या नावापुढेही तसंच काहीतरी लोंबत होतं.

"हे काय लिहिलंय तुझ्या नावापुढे?"

"मला काय माहीत. वाचतेयस तू."

आमच्या कोपऱ्यावर एका गुजराती माणसाचं फरसाणाचं दुकान आहे. आम्ही दोघी मोबाइल घेऊन तिथे गेलो. दुकानदाराचा जन्म नाशकातला, शाळा नाशकातली. त्याने फोटो बघितला, मोठा केला, लहान केला आणि म्हणाला, "ताई, खरं सांगू का, मला पण नाही येत. थांबा, आईला बोलावतो." आतून त्याची आई आली. तिला सगळे बा म्हणतात. बांनी चष्मा पुसला, फोटो नाकाशी नेला आणि एका दमात वाचलं. आत्याच्या नावाला चिकटलं होतं ‘बेन’ आणि काकांच्या नावाला ‘भाई’.

"हे नावात कशाला घातलं?" मी म्हणाले.

"मग काय नाय घालायचं?" बा माझ्याकडे बघत राहिल्या. "एम ने एम, नुसतं नाव थोडी लिहितात? बाईमाणूस हाय, वयाने मोठी हाय, बेन तर लिहायलाच पायजे ना!"

"पण बा, पासपोर्टवर नुसतं नाव आहे."

"तर मग पासपोर्टमध्ये भूल हाय," बा म्हणाल्या. "तो सुधारा."

आत्याला बांचं म्हणणं एकदम पटलं. दोघी गुजरातीत सुरू झाल्या, आणि त्या बोलण्यात माझ्याकडे दोन-तीनदा बोट दाखवलं गेलं. शेवटी शंभर-शंभर ग्रॅमच्या चार पुड्या घेऊन मी आत्याला दुकानाबाहेर काढलं.

नशिबाने त्या बँकेची एक शाखा नाशकातही होती. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. तिथल्या अधिकारी मुलीने, ती मूळची चांदवडची, स्क्रीनवर खातं उघडून दाखवलं. इंग्रजीतही तोच थाट. नावाला बेन, काकांना भाई, आणि आडनावाच्या शेवटी ई हवा तिथे आय. गुजरातीवरून जसंच्या तसं उतरवलेलं.

"होतं असं," ती म्हणाली. "तुम्ही अर्ज द्या, आजी. आधार आणि पॅनची झेरॉक्स, दोन्हींवर तुमची सही, ओरिजिनल मला दाखवायला आणा. आमचा फॉर्म असतोच, पण सोबत पत्र लागतं. आत्ता काय नाव आहे, त्याच्याजागी काय पाहिजे आणि का पाहिजे, एवढं लिहा. तुमचं मूळ खातं सुरतेच्या शाखेत आहे, म्हणून मी ते तिकडे पाठवीन. त्यांनी मंजूर केलं की नाव बदलेल."

"आजी म्हणू नकोस," आत्या म्हणाली.

"मग काय म्हणू?"

"ताई म्हण. सगळे ताईच म्हणतात."

पत्र माझ्याकडे आलं. ह्या बाबतीत मी कुणाला हात लावू देत नाही. प्रति, मा. शाखा व्यवस्थापक साहेब. विषय: बचत खात्यावरील नावात झालेल्या चुकीची दुरुस्ती करणेबाबत. संदर्भ: आपणाकडील खातेउतारा. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळविण्यात येते की... इथपर्यंत माझा हात असा चालला की मला माझी जुनी खुर्ची आठवली. मग चूक कुठे झाली ते सविस्तर लिहिलं. आडनावातला आय काढून ई करावा. खातेदाराच्या व तिच्या दिवंगत पतीच्या नावास जोडण्यात आलेली आदरार्थी संबोधने हा नावाचा भाग नसून ती प्रादेशिक रूढीनुसार लावण्यात आली आहेत, सबब ती वगळावीत. ‘प्रादेशिक रूढी’वर मी इतकी खूश झाले की ते वाक्य आत्याला दोनदा वाचून दाखवलं. मग ‘तरी माझे अचूक नाव खालीलप्रमाणे नोंदवावे’ असं लिहून खाली मराठीत आणि इंग्रजी कॅपिटलमध्ये तिचं पूर्ण नाव लिहिलं.

"छान लिहिलंस हो," आत्या म्हणाली, आणि सही करायला बसली. तिची बँकेतली सही म्हणजे लग्नानंतर काकांनी शिकवलेली, शेवटी एक मोठी वेलबुट्टी असलेली. ती वेलबुट्टी गेल्या काही वर्षांत आखूड होत होत नुसतं टिंब उरलं होतं. मुलीने बजावलं होतं, रेकॉर्डवरच्या सहीशी जुळायला हवी. म्हणून आत्याने वर्तमानपत्राच्या कडेला भरपूर सराव केला आणि मग अर्जावर अशी दणदणीत सही केली की वेलबुट्टीने ‘आपली विश्वासू’ला कवेत घेतलं.

अर्ज गेला. ट्रॅकवरच्या बाईंनी आत्याला गुडघ्याला लावायचं तेल भेट दिलं.

आठवड्याने बँकेतून फोन आला. अर्ज सुरतेहून परत आला होता.

माझं डोकंच फिरलं. आत्याला घेऊन तडक शाखेत गेले आणि त्या मुलीसमोर उभी राहून म्हणाले, "माझं पत्र परत कसं येऊ शकतं? काय कमी आहे त्यात? जावक क्रमांक पाहिजे का त्यांना?"

"बसा ना मॅडम," ती म्हणाली. "पत्र एकदम भारी आहे. तिकडचे साहेब म्हणाले, असं पत्र बऱ्याच दिवसांत आलं नाही. पण त्यांनी शेरा मारलाय, मागणी केलेलं नाव आधारशी जुळत नाही."

"कसं जुळत नाही?"

तिने माझं पत्र माझ्याकडे फिरवलं, शेजारी आत्याचं आधार ठेवलं आणि पेन टेकवलं. बेन वगळावं म्हणून मी पानभर लिहिलं होतं, आणि खाली अचूक नावात, मराठीत आणि कॅपिटलमध्ये, आत्याच्या नावाला चिकटवून ‘ताई’ लिहिलं होतं.

मी ते वाचलं. पुन्हा वाचलं. बाबा तिला नावापुढे ताई लावून हाक मारायचे, आमच्याकडे येणारे-जाणारे सगळे तसंच म्हणायचे. माझ्या कानाला ते एकच नाव होतं आणि हाताने ते तसंच उतरवलं होतं. प्रादेशिक रूढी!

"म्हणजे बेन काढून ताई लावायचं, असं झालंय," मुलगी म्हणाली. ती हसू दाबत होती, पण ते दबत नव्हतं. "हे नाय चालत मॅडम. लय जण करतात तसं. कोणी भाऊ लावतं, कोणी दादा. एक आजोबा तर बायकोच्या नावाआधी ‘आमची’ लिहून घेऊन आले होते."

मी आत्याकडे वळले. "तू सही केलीस ना ह्यावर! वाचलं नाहीस?"

"वाचलं की. छान दिसत होतं."

"आणि बोलली नाहीस?"

"मला वाटलं, तू शिकलेली आहेस, तुला माहीत असेल. आणि नुसतं नाव लिहायचं म्हणजे कसंतरीच वाटतं गं. बा काय म्हणाल्या ऐकलंस ना?"

आम्ही दोघी त्या काउंटरसमोर जुंपलो. मागे रांगेत निफाडचे एक गृहस्थ उभे होते. ते म्हणाले, "दोन्ही लावा ना ताई, बेनताई!" सगळी शाखा हसली. आत्याही हसली. मी हसले नाही. महिनाअखेर चार दिवसांवर आली होती, आणि माझ्या ‘सबब’पायी आत्याचं जपान हुकायची वेळ आली होती. खिडकीच्या सीटवर तेलाची बाटली घेऊन बसलेल्या त्या बाई मला स्पष्ट दिसत होत्या, आणि मला खरंच रडू यायला लागलं.

मुलीने कोरा कागद पुढे सरकवला. "इथेच लिहा. मी आत्ताच स्कॅन करून पाठवते आणि त्यांना फोनही करते. मॅडम, ह्यावेळी थोडक्यात लिहा."

मी लिहायला घेतलं. प्रति, विषय, महोदय, सगळं तीन ओळींत आटपलं. अचूक नावापाशी आले आणि पेन अडकलं. आत्यासमोर बसून तिचं नुसतं नाव लिहायचं मला जमेना. चौथीतल्या पोरीचं नाव हजेरीत लिहावं तसं ते वाटत होतं. मी पहिली दोन अक्षरं लिहिली, तिसरं लिहिलं आणि हात आपोआप पुढे निघाला.

"थांब!" आत्या ओरडली. तिने माझं मनगट धरलं. "तिसऱ्यावर संपलं माझं नाव. आता जागा सोड आणि ह्यांचं लिही. त्यांनाही काही लावू नकोस."

मग आधार समोर ठेवून एकेक अक्षर ताडून, ती सांगत गेली आणि मी लिहीत गेले. शेवटी तिने ती वेलबुट्टीची सही केली. मुलीने सही स्क्रीनवरच्या सहीशी लावून बघितली, कागदपत्रं पुन्हा तपासली आणि म्हणाली, "आता झालं."

सुरतेत एकाने बदल भरायचा आणि दुसऱ्याने तो मंजूर करायचा अशी पद्धत असते. त्यात दुसरे साहेब एका लग्नाला गेले होते. ते दोन दिवस आत्याने घरातही बूट घातले नाहीत. ते तिने कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवले होते. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला आणि आम्ही रिक्षा करून शाखेत पोहोचलो. मुलीने इंग्रजी स्टेटमेंट छापलं, प्रत्येक पानावर शिक्का मारला, सही केली आणि आत्याच्या हातात दिलं. इंग्रजी कॅपिटल आत्याला वाचता येतात. तिने चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून आपलं नाव वाचलं. मोठ्याने. मग बोट तिथून हलवलंच नाही.

"काय गं? अजून काही चुकलं का?" मी विचारलं.

"नाही. बरोबर आहे." तिने चष्मा काढला. "असं नुसत्या नावाने आई हाक मारायची. त्यानंतर कुणीच नाही. हे तर नुसतंच अगं म्हणायचे."

तिचा हात धरून मी तिला टूरवाल्याच्या ऑफिसात घेऊन गेले. त्याने स्टेटमेंट आणि पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न अक्षर बघितलं आणि कागद फाइलमध्ये लावले. ट्रॅकवरच्या बाईंना पुढच्या सहलीत घेतो म्हणाला.

व्हिसा आला. आत्या गेली, खिडकीत बसून गेली. तिथे पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे एक स्वच्छ रस्ता होता आणि आत्या तो मला वरून-खालून दाखवत होती.

"कुणी थुंकलं नाही ना?" मी विचारलं.

"छे! ते जाऊ दे, तू ऐक तर. इथे आमची गाइड आहे, जपानी पोरगी, एवढीशी, गोड. सकाळी बसमध्ये पासपोर्टवरून नावं घेऊन हजेरी घेत होती. माझं नाव घेतलं, अगदी बरोबर घेतलं हो, आणि पुढे ‘सान’ लावलं."

"म्हणजे?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणे, मोठ्या माणसांचं नुसतं नाव घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही."

मी कपाळाला हात लावला. "मग तू काय केलंस?"

"काय करणार?" आत्या म्हणाली. "ओ दिली."